पाच मशिनचं ऑफिस, एक पूर आणि बॅकअप: डिस्क कुठं ठेवायची, सकाळी काय बघायचं आणि सगळं परत उभं कसं करायचं

मी कोल्हापुरात छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटर आणि नेटवर्किंगची कामं करतो, जास्त करून टॅक्स कन्सल्टंट, वकील, ट्रान्सपोर्टवाले, असे चार ते आठ मशिनवाले लोक. या लेखात एकाच ऑफिसचं उदाहरण घेऊन पूर्ण प्लॅन सांगतोय, कारण "बॅकअप घ्या" असं सगळेच सांगतात पण कुठली फाइल कुठं, कधी, कोणी बघायचं आणि बंद पडल्यावर सोमवारी सकाळी नक्की काय करायचं हे कोणी सांगत नाही.

ऑफिस शाहूपुरीत, तळमजल्यावर. टॅक्स कन्सल्टंटचं काम. पाच मशिन, त्यातली एक मेन मशिन, तिलाच सगळे सर्व्हर म्हणतात, पण ती साधी डेस्कटॉपच आहे, तिच्यात टॅली आणि शेअर केलेलं फोल्डर. जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा साहेबांनी शहाणपणा करून सगळी मशिन आदल्या रात्री टेबलावर चढवली होती. पाणी टेबलाच्या वर गेलं. बॅकअपची डिस्क होती, नियमित घेतलेली होती, पण ती लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होती, लॉक करून. म्हणजे मूळ पण पाण्यात आणि कॉपी पण पाण्यात, दोघांच्यात अंतर सहा फूट. शेवटी थोडा डेटा एका स्टाफच्या घरच्या लॅपटॉपवर मिळाला, थोडा क्लायंटकडून परत मागवला, बाकीचं हाताने परत टाकलं, दोन महिने गेले त्यात.

त्यानंतर आम्ही जो प्लॅन बसवला तो खाली देतोय.

आधी दोन प्रश्न, कागदावर

साहेबांना मी पहिल्यांदा मशिनचं काही विचारलंच नाही. विचारलं, आत्ता या क्षणी मेन मशिन गेली तर किती दिवसांचं काम परत टाकायला चालेल? आणि किती तासात ऑफिस परत चालू पाहिजे?

ते म्हणाले, "अहो, एरवी दोन दिवस गेले तरी चालतंय, पण अठरा तारखेपासून वीस तारखेपर्यंत एक तास पण नाही चालणार."

बरोबर आहे, कारण महिन्याचं जीएसटीआर-३बी वीस तारखेला, त्याआधी अकरा तारखेला जीएसटीआर-१. त्या दिवसांत गेलेला एक दिवस म्हणजे क्लायंटला लेट फी. मग ठरलं असं: जास्तीत जास्त एका दिवसाचं काम गेलेलं चालेल, आणि चार तासात निदान एका मशिनवर टॅली आणि चालू वर्षाची फोल्डरं उघडली पाहिजेत. बाकीची चार मशिन दोन दिवसांनी आली तरी चालतील. या दोन आकड्यांवरच पुढचं सगळं ठरतं, म्हणून हे आधी ठरवा, डिस्क नंतर घ्या.

डेटा खरंच कुठं आहे ते शोधा (इथं आम्ही फसलो होतो)

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या.

पुरानंतर मीच त्या ऑफिसला `D:\Office` फोल्डर करून दिलं, सगळ्यांना सांगितलं की सगळं इथंच ठेवायचं, रोज संध्याकाळी त्याची कॉपी बाहेरच्या डिस्कवर जायची, लॉग स्वच्छ, आठ महिने एक पण एरर नाही. मग एकदा नुसतं बघावं म्हणून ती डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली आणि टॅली उघडायला गेलो तर कंपन्यांची यादीच रिकामी. टॅलीचा डेटा `D:` वर नव्हताच. इन्स्टॉल करताना टॅली आपला डेटा `C:\Users\Public\TallyPrime\data` मध्ये ठेवते, आम्ही तो पाथ कधी बदललाच नव्हता, आणि आठ महिने रोज आम्ही टॅली सोडून बाकी सगळ्याचा सुंदर बॅकअप घेत होतो. चूक माझी होती. त्या आठ महिन्यांत मेन मशिन गेली असती तर १८० क्लायंटची पुस्तकं गेली असती.

म्हणून आता मी प्रत्येक मशिनवर शेजारी खुर्ची घेऊन बसतो, आणि त्या माणसाला म्हणतो, काल दिवसभर काय काय उघडलं ते परत उघडून दाखवा. मग प्रत्येक फाइलचा पाथ बघायचा. टॅलीत सिलेक्ट कंपनीच्या स्क्रीनवर डेटा पाथ दिसतो. आउटलुक वापरत असाल तर File, मग Account Settings, त्यात Data Files चा टॅब, तिथं मेल साठवणारी पीएसटी फाइल कुठं आहे ते लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा ती Documents मध्ये Outlook Files नावाच्या फोल्डरात लपलेली असते. आणि Desktop आणि Downloads तर बघाच. रिटर्नच्या जेसॉन फाइली, पोर्टलवरून उतरवलेली चलनं, क्लायंटनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले बँक स्टेटमेंट, सगळं Downloads मध्ये पडलेलं असतं आणि त्याला कोणी "डेटा" समजतच नाही.

आमच्या या ऑफिसात मोजलं तेव्हा टॅली ६ जीबी, क्लायंटची फोल्डरं ३१ जीबी, मेल ५ जीबी, म्हणजे सगळं मिळून ४२ जीबी निघालं. टॅली सगळ्या मशिनवर बंद केली, डेटा `D:\Office\Tally` मध्ये हलवला, टॅलीच्या सेटिंगमध्ये नवीन पाथ दिला, आणि जुन्या जागेचं नाव बदलून ठेवलं, लगेच पुसलं नाही, महिनाभर राहू दिलं. नाव बदलण्याचा फायदा असा की कुठलं मशिन अजून जुन्याच जागी बघत असेल तर ते दुसऱ्या दिवशीच बोंब मारतं, नाहीतर अर्धा डेटा इथं आणि अर्धा तिथं असं महिने चालू राहतं.

तीन ठिकाणी, आणि त्यातली एक उंचावर

तुम्ही ३-२-१ ऐकलं असेल, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक ऑफिसच्या बाहेर. नियम चांगला आहे, पण कोल्हापुरात "बाहेर" म्हणजे कुठं हे नीट बघावं लागतं. शाहूपुरीतल्या ऑफिसचा बॅकअप नागाळा पार्कातल्या मित्राकडे ठेवला तर तो बाहेर गेला असं होत नाही, पाणी आलं की दोन्हीकडे येतं. साहेबांचं घर राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, तिथं एक डिस्क ठेवली.

दोन १ टीबीच्या साध्या यूएसबी हार्डडिस्क घेतल्या, एकीला लाल टेप, एकीला निळी. एका आठवड्यात लाल ऑफिसात आणि निळी घरी, शनिवारी संध्याकाळी अदलाबदल. तिसरी प्रत क्लाउडवर, तिच्याबद्दल पुढं सांगतो.

दोन्ही डिस्कना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एकच अक्षर द्या, आम्ही `K:` दिलंय, आणि दोन्हीत `Backup` नावाचं फोल्डर आधीच करून ठेवा, ते नसेल तर खालची स्क्रिप्ट तिथंच थांबते. एका वेळी एकच लागत असल्यामुळे अडचण येत नाही आणि स्क्रिप्टला दोन्ही सारख्याच दिसतात. हे केलं नाही तर कोणीतरी पेनड्राइव्ह लावतो, डिस्क `F:` होते आणि त्या रात्री बॅकअप होत नाही. बिटलॉकरने डिस्क लॉक करा, कारण त्यात लोकांचे पॅन, आधार, बँकेचे आकडे आहेत आणि डिस्क दर शनिवारी गाडीच्या डिकीतून फिरणार आहे. डिस्क एनक्रिप्ट करायला विंडोज प्रो लागतं, होमवर ती नुसती उघडता येते. मेन मशिनवर ऑटो अनलॉक चालू ठेवा, नाहीतर रात्री स्क्रिप्टला डिस्क बंदच दिसेल. आणि बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की देतं, ती प्रिंट काढून साहेबांच्या घरी फाइलला लावा. ती त्याच मेन मशिनच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली मी तीनदा तरी बघितलीय.

रोज रात्रीची स्क्रिप्ट

पैसे देऊन घ्यायची चांगली सॉफ्टवेअर आहेत, ज्यांना घ्यायची त्यांनी घ्यावीत, पण इथं विंडोजमध्ये असलेलं रोबोकॉपी वापरलंय, कारण त्याने केलेली कॉपी साधी फोल्डर म्हणून कुठल्याही मशिनवर उघडते, परत मिळवायला वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. आठवड्याच्या प्रत्येक वाराचं वेगळं फोल्डर होतं, म्हणजे सोमवारी बिघडलेली फाइल गुरुवारी लक्षात आली तरी शनिवारची चांगली प्रत शिल्लक असते. सहा वारांचे सहा फोल्डर, ४२ जीबीने साधारण २५० जीबी, १ टीबीत आरामात बसतं.

```
@echo off
set DIN=
if not exist K:\Backup exit /b 1
for /f %%d in ('powershell -NoProfile -Command "(Get-Date).DayOfWeek"') do set DIN=%%d
if "%DIN%"=="" exit /b 1
robocopy "D:\Office" "K:\Backup\%DIN%" /MIR /R:2 /W:5 /NP /LOG:"K:\Backup\%DIN%.txt"
if %ERRORLEVEL% LSS 8 shutdown /s /t 60
```

यातल्या दोन गोष्टी समजून घ्या, नुसती कॉपी-पेस्ट करू नका. `/MIR` म्हणजे आरसा, जे मूळ जागी नाही ते कॉपीच्या जागी पण पुसून टाकतं. वाराच्या फोल्डरपुरतं ते चांगलंच आहे, पण कुठल्या कारणाने वाराचं नाव आलंच नाही तर पाथ नुसता `K:\Backup\` असा उरतो आणि रोबोकॉपी आतले सहाच्या सहा वार पुसू शकतं. म्हणून नाव रिकामं असेल तर तिथंच थांबायची ओळ टाकलीय, ती काढू नका. तसंच कधीही `/MIR` लावून डिस्कच्या मुळावर कॉपी करू नका.

दुसरी गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. रोबोकॉपी काम झाल्यावर एक आकडा देतं, आणि लोक घाबरतात कारण सगळं नीट झालं तरी तो शून्य नसतो. १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, ० म्हणजे नवीन काहीच नव्हतं, ७ पर्यंत सगळं ठीक, ८ आणि त्याच्या वर म्हणजे काहीतरी कॉपी झालेलं नाही. आम्ही असं केलंय की ८ च्या आत असेल तरच मशिन बंद होते. म्हणजे सकाळी ऑफिस उघडल्यावर मेन मशिन चालूच दिसली की समजायचं, काल बॅकअप झाला नाही. कोणाला कॉम्प्युटरचं काही कळत नसलं तरी एवढं कळतं.

टास्क शेड्युलरमध्ये ही स्क्रिप्ट सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसातला लावली. सगळे सातला जातात. जाताना टॅली, एक्सेल, आउटलुक बंद करायचं, सगळ्या पाच मशिनवर, हे महत्त्वाचं आहे, कारण उघडी असलेली पीएसटी रोबोकॉपीला मिळत नाही, लॉगमध्ये ERROR 32 असं येतं, आणि टॅली चालू असताना तिच्या फाइली कॉपी झाल्या तरी त्या अर्धवट अवस्थेतल्या असू शकतात, उघडल्यावर कळतं. मेन मशिनचं स्लीप बंद करून ठेवा, नाहीतर सव्वासातलाच झोपते.

सकाळची पाच मिनिटं

ऑफिसात एक जुन्या अकाउंटंट ताई आहेत, सकाळी दहाला पहिल्यांदा त्याच येतात. त्यांना मी लॉग वाचायला शिकवलं. लॉगच्या शेवटी एक छोटा तक्ता असतो, त्यात Total, Copied, Skipped, Mismatch, FAILED, Extras असे कप्पे असतात. ताईंनी फक्त FAILED खाली शून्य आहे का बघायचं आणि Copied खाली शून्य नाही ना ते बघायचं. दुसरं का? कारण कामाच्या दिवशी एक पण फाइल बदलली नाही असं होतच नाही, तसं दिसलं तर आपण चुकीच्या जागेची कॉपी घेतोय. आमची टॅलीवाली भानगड लॉगमधून कळली नाही कारण बाकी फाइली बदलत होत्या, म्हणून आता ताई महिन्यातून एकदा त्या वाराच्या फोल्डरात जाऊन टॅलीच्या फाइलींची तारीख पण बघतात.

लॉग बघून झाला की ताई डिस्क काढून वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात, संध्याकाळी जाताना परत लावतात. दिवसभर लोक मेल उघडत असतात, क्लायंटचे पेनड्राइव्ह लावत असतात, त्या वेळात डिस्क मशिनला नसावी. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आलं तर ते त्या मशिनला दिसणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवर जातं, यूएसबी डिस्क, नेटवर्क ड्राइव्ह, सगळीकडे. कायम लावून ठेवलेली डिस्क पुरात जाते तशीच व्हायरसमध्ये पण जाते.

याने सगळं सुटत नाही हे पण सांगतो. व्हायरस गुपचूप दुपारी येऊन बसला आणि संध्याकाळी आपण डिस्क लावली तर ऑफिसातली डिस्क जाईल. तेव्हा राजारामपुरीतली डिस्क राहते, पण ती आठवड्याभराची जुनी असू शकते. मधला गॅप क्लाउडने भरायचा.

क्लाउड: सिंक म्हणजे बॅकअप नाही

बरेच जण म्हणतात आमचं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे. ते सिंक असतं. इथं फाइल पुसली की तिथं पण पुसली जाते, इथं एनक्रिप्ट झाली की तिथं पण तीच चढते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, जुनी आवृत्ती पण साधारण तेवढेच दिवस. मार्चमध्ये पुसलेलं फोल्डर जूनमध्ये आठवलं तर काही उपयोग नाही.

आम्ही एक वेगळं गूगल अकाउंट काढलं, फक्त बॅकअपसाठी, स्टोरेजचा प्लॅन विकत घेतला कारण फुकटचे १५ जीबी पुरत नाहीत, आणि त्याचं ड्राइव्ह सॉफ्टवेअर कुठल्याच मशिनवर टाकलं नाही. ताई सेव्हन-झिपने टॅली आणि चालू वर्षाचं फोल्डर एकत्र करतात, पासवर्ड टाकतात, Encrypt file names वर टिक करतात, नावात तारीख घालतात आणि ब्राउझरमधून चढवून लॉगआउट करतात. रोज संध्याकाळी फक्त टॅलीची झिप, शनिवारी दोन्ही, आणि १८ व १९ तारखेला पण दोन्ही. जुन्या वर्षांची फोल्डरं एकदाच चढवली, ती बदलत नाहीत.

पहिल्यांदा पूर्ण ४२ जीबी चढवायला किती वेळ लागेल ते आधी काढा. अपलोड २० एमबीपीएस असेल तर हिशोबाने साडेचार तास, प्रत्यक्षात रात्रभर धरा. डाउनलोडचा स्पीड बघून फसू नका, बऱ्याच कनेक्शनला अपलोड कमी असतो.

त्या अकाउंटला टू-स्टेप लावायचंच, पण मग ज्या मोबाइलवर कोड येतो तोच पुरात गेला तर? गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून रिकव्हरी कीच्याच फाइलला लावा. झिपचा पासवर्ड पण तिथंच.

काही प्रती पुसायच्याच नाहीत

वारांची फोल्डरं आठवड्यात पुसली जातात, आणि दोन डिस्क धरल्या तरी पंधरवड्यापलीकडचं काही राहत नाही. पण लाइट गेल्यावर टॅलीचा डेटा थोडासा बिघडतो, एखाद्या क्लायंटचीच कंपनी, आणि ती कोणी दोन महिने उघडलेलीच नसते. तोवर बिघडलेलीच प्रत सगळीकडे गेलेली असते. म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या दिवशीचं फोल्डर `K:\Mahina` मध्ये वर्ष-महिन्याच्या नावाने वेगळं कॉपी करतो. जागा भरायला लागली की एक सोडून एक महिना काढतो. आणि वर्ष बंद झाल्यावरची मार्चची प्रत तिसऱ्या डिस्कवर, ती पुसायची नाही. जीएसटी कायद्यात हिशोबाची पुस्तकं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, नोटीस आली की तेच वर्ष मागतात. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड आहे त्यांना ऑगस्ट २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा नियम आहे, त्यांनी आपल्या सीएंशी बोलून क्लाउड कुठल्या देशात आहे ते बघून घ्यावं, घरी डिस्क ठेवली म्हणून तो नियम पाळला गेला असं होत नाही.

फाइली सोडून जे लागतं

पुरानंतर डेटा मिळाला तरी काम चालू झालं नव्हतं, कारण डीएससीचे टोकन ड्रॉवरमध्ये भिजले होते. त्यातली सही कॉपी करता येत नाही, टोकन गेलं की नवीन काढायला लागतं, क्लायंटच्या केवायसीसकट. म्हणून टोकन एका झिपच्या पाउचमध्ये, पाऊस लागला की डिस्कबरोबर घरी.

टॅलीचं लायसन्स त्या मशिनवर चालू असतं, मशिनच मेली तर ते सरेंडर करता येत नाही, नवीन मशिनवर रिॲक्टिव्हेट करावं लागतं, त्याला सिरीयल नंबर आणि लायसन्सला जोडलेला ईमेल लागतो. त्या ईमेलचा पासवर्ड कोणाकडे आहे? या ऑफिसात तो चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर होता. एका कागदावर हे सगळं लिहा: टॅलीचा सिरीयल नंबर आणि ईमेल, रिकव्हरी की, बॅकअप अकाउंट, पोर्टलच्या लॉगिनची यादी कुठं आहे, ओटीपी कुठल्या नंबरला येतो, राउटरचा पासवर्ड, प्रिंटरचं मॉडेल. दोन प्रती, एक साहेबांच्या घरी, एक मॅडमच्या माहेरी.

नदी ३९ फुटाला गेली की

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आम्ही ठरवलंय की ३९ ची बातमी आली की चर्चा करायची नाही. त्याच संध्याकाळी जादा बॅकअप, ऑफिसातली डिस्क, टोकन आणि मेन मशिनची कॅबिनेट, सगळं राजारामपुरीला. कॅबिनेट न्यायला वीस मिनिटं लागतात, मॉनिटर राहिले तरी चालतील. ४३ ची वाट बघितली की रिक्षा मिळत नाही आणि गल्लीत पाणी असतं.

अजून एक, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळेला शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता. म्हणजे "पुण्याहून नवीन लॅपटॉप मागवू" हा प्लॅन नाही. जुना एक लॅपटॉप, टॅली आणि सेव्हन-झिप टाकलेला, साहेबांच्या घरीच असतो.

आणि डिस्क भिजलीच तर तिला लाइट देऊ नका, उन्हात वाळवू नका, तांदळात घालू नका, उघडू तर नकाच. आत गाळ सुकला की प्लेटला चिकटतो. ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. २०२१ ला साहेबांच्या मुलाने ती डिस्क दोन दिवस गच्चीवर वाळवून मशिनला लावली होती, टिकटिक आवाज आला आणि संपलं.

व्हायरस आला तर

फाइलींची नावं बदललेली दिसली, उघडत नाहीत, आणि पैसे मागणारी टेक्स्ट फाइल दिसली, की पहिलं काम राउटरच्या केबल काढणं, सगळ्या मशिनच्या. बॅकअपची डिस्क बघायला म्हणून पण लावायची नाही, हीच चूक लोक करतात, "बघू तरी वाचलंय का" म्हणून लावतात. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, ती टेक्स्ट फाइल जपून ठेवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशानुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासात त्यांना कळवायची असते, पोलिसांकडे तक्रार cybercrime.gov.in वर करता येते, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. nomoreransom.org वर काही जातींची चावी फुकट मिळते, ते बघायचं. मग विंडोज पूर्ण नव्याने टाकून, अपडेट करून, त्यानंतरच घरची डिस्क आणायची, आणि ती पण आधी दुसऱ्या स्वच्छ मशिनवर कॉपी करून, ती कॉपी वापरायची. मूळ डिस्क तशीच ठेवायची.

तीन महिन्यांनी एकदा, खरंच उघडून बघायचं

पहिली तालीम आम्ही एका शनिवारी दुपारी केली. नियम असा की मेन मशिन मेली असं समजायचं, तिला हात लावायचा नाही. घरचा लॅपटॉप, निळी डिस्क, तो कागद, एवढ्यावर ताईंनी ऑफिस चालू करायचं, मी नुसता बाजूला बसून वेळ लिहिणार.

तीन वाजता सुरू केलं. बिटलॉकरची की टाइप करायला दहा मिनिटं गेली, कारण प्रिंटवर ८ आणि ३ सारखेच दिसत होते. कॉपीला पन्नास मिनिटं, ६ जीबीची टॅली पटकन गेली पण क्लायंटच्या हजारो छोट्या पीडीएफला वेळ लागला. टॅली उघडली, कंपन्या दिसल्या, पण एज्युकेशनल मोडमध्ये, कारण लायसन्सच्या ईमेलचा पासवर्ड कागदावर चुकीचा होता. तो परत मिळवण्यात सव्वा तास. मग ताईंनी तीन क्लायंट घेतले, एक मोठा, एक छोटा, एक गेल्या वर्षी बंद झालेला, आणि त्यांची ट्रायल बॅलन्स फाइलला लावलेल्या प्रिंटशी जुळवली. जुळली. त्यांच्याच लक्षात आलं की एका ज्युनिअरचं जीएसटीचं चालू महिन्याचं एक्सेल कुठंच नाही, तो ते अजून डेस्कटॉपवरच ठेवत होता.

सगळं मिळून जवळजवळ चार तास लागले. आकडे जुळवल्याशिवाय तालीम झाली असं धरू नका, फोल्डर दिसलं म्हणजे आत डेटा आहे असं नसतं. की मोठ्या अक्षरात परत छापली, ईमेलचा पासवर्ड दुरुस्त केला, त्या मुलाचं डेस्कटॉप फोल्डरच `D:\Office` च्या शेअरवर हलवलं.

दुसऱ्या वेळेला ताईंनी मला बोलावलंच नाही. सोमवारी फोन आला, "दादा, शनिवारी केलं आम्ही, दोन तास दहा मिनिटं लागली, फक्त प्रिंटरचा ड्रायव्हर मिळेना, तेवढा डिस्कवर टाकून द्या."